फरक चौदा

शाळेत त्यांना सगळे ‘अर्धेसर’ म्हणत. हे त्यांचं आडनाव नव्हतं, उंचीही चांगली सहा फूट होती. वर्गसमीकरणाच्या गणितात दोन उत्तरं येतात, एक धन आणि एक ऋण. त्यातलं ऋण उत्तर सोडून देताना ‘बाजूची लांबी ऋण नसते’ हे वाक्य ज्यानं लिहिलं नाही त्याचा अर्धा गुण सर कापत. कितीही हुशार पोर असो, कितीही रडो, अर्धा गुण गेला म्हणजे गेला. एकतीस वर्षांत त्यांनी असे किती अर्धे कापले याचा हिशोब कुणी ठेवला असता, तर त्यात दोनतीन पिढ्या सहज पास झाल्या असत्या.

प्रश्न काढायची त्यांची एक ठरलेली पद्धत होती. आधी उत्तर, मग प्रश्न. म्हणजे पाच, बारा, तेरा हे आकडे आधी वहीत मांडायचे आणि मग विचारायचं, ‘काटकोन त्रिकोणाचा कर्ण १३ सेमी आहे, उरलेल्या दोन बाजूंतला फरक ७ सेमी आहे, तर बाजू काढा.’ गणितं शिकवणारे सगळेच असं करतात, त्यात वावगं काही नाही. सरांचा मात्र त्याबद्दल फार तोरा होता. “माझ्या प्रश्नात चूक काढून दाखवा, मिशी उतरवतो,” असं ते शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना आठवड्यातून एकदा तरी म्हणत. मिशी चांगली झुपकेदार होती आणि अजून जागच्या जागी होती.

चार महिन्यांनी सर निवृत्त होणार होते. त्यांच्या जागेवर कायमचा गणित शिक्षक नेमायचा होता. अर्ज वीस आले, चाळणी लागून दोन उरले. एक होता शहरातल्या मोठ्या खाजगी क्लासमधला तरुण, कडक इस्त्रीचा शर्ट आणि गळ्यात निळा टाय, म्हणून शिपायापासून सगळ्यांच्या तोंडी तो पहिल्या दिवशीच ‘टायवाला’ झाला. दुसरी होती तासिकाबाई.

तासिकाबाई म्हणजे तासाच्या बोलीवर शिकवणारी. जेवढे तास तेवढा पगार, सुट्टीत ठणठणपाळ. सहा वर्षं ती याच शाळेत अशी राबत होती. सरांचे नको असलेले तास, सरांच्या तपासायच्या वह्या, सरांच्या दुखऱ्या गुडघ्यापायी वरच्या मजल्यावरचे वर्ग, सगळं तिच्या अंगावर. तीही मुकाट्यानं करायची, कारण पूर्वी ती सरांचीच विद्यार्थिनी होती आणि कधीतरी सर आपलं बघतील अशी तिला आशा होती. घरी नवऱ्याची नजर अधू होत चाललेली, त्यापायी गाडी चालवायची नोकरी सुटलेली, मुलगी चौथीत. आणि कायम नोकरीसाठी वयाची जी अट होती ती या महिन्याअखेर संपत होती. म्हणजे आज नाही तर कधीच नाही. हे तिला माहीत होतं, शाळेला माहीत होतं, सरांनाही माहीत होतं.

निवडीची रीत साधी होती. दोघांनी दहावीच्या एकेका तुकडीवर समितीसमोर एकच गणित शिकवायचं. गणित सरांनी काढायचं, बंद पाकिटात. समितीत तिघं होते. संस्थेचे अध्यक्ष, ज्यांचं सिमेंटचं मोठं दुकान होतं, मुख्याध्यापिका, ज्या भाषा शिकवत आणि आकडे दिसले की चष्मा पुसायला घेत, आणि अर्धेसर. गणित कळणारा माणूस तिघांत एकच होता.

आदल्या संध्याकाळी सरांनी वही उघडली. सहा, आठ, दहा हे आकडे काढले. मागच्या वर्षी याच आकड्यांवर त्यांनी सहामाहीत प्रश्न घातला होता, ‘कर्ण १० सेमी, दोन बाजूंची बेरीज १४ सेमी.’ तोच कागद समोर ठेवून त्यांनी नवा उतरवला. बेरीज खोडून फरक केला. चौदाचे दोन करायचे राहिले. बायकोनं जेवायला हाक मारली होती, कागदाची घडी झाली, पाकीट चिकटलं. इतकंच झालं होतं.

सकाळी ‘अ’ तुकडीवर टायवाल्यानं पाकीट फोडलं. तिकडे तासिकाबाईला वाचनालयात बसवून ठेवलं होतं, तिला काही ऐकू जाऊ नये म्हणून.

“काटकोन त्रिकोणाचा कर्ण दहा,” टायवाला खणखणीत आवाजात म्हणाला. “दोन बाजूंतला फरक चौदा. लहान बाजू क्ष मानू, मोठी क्ष अधिक चौदा. पायथागोरसचं प्रमेय लावू.”

खडू सरसर चालला. क्ष² + (क्ष + १४)² = १००. कंस सोडवला, दोन्हीकडे दोननं भागलं, क्ष² + १४क्ष + ४८ = ० आलं. अवयव पाडले, (क्ष + ६)(क्ष + ८) = ०. क्ष बरोबर उणे सहा किंवा उणे आठ. इथं तो क्षणभर थबकला, पण क्लासमध्ये हजार हजार पोरांसमोर उभा राहणारा गडी होता तो, थबकणं त्याला परवडणारं नव्हतं.

“बाजूची लांबी ऋण नसते,” तो हसून म्हणाला, “म्हणून चिन्ह सोडू आणि सहा घेऊ. दुसरी बाजू उणे सहा अधिक चौदा, म्हणजे आठ. ताळा बघा. छत्तीस अधिक चौसष्ट बरोबर शंभर. दहाचा वर्ग शंभर. जुळला!”

एकच सहा, पण गरज पडली तिथं चिन्ह सोडलं आणि गरज पडली तिथं ठेवलं. अशी हातचलाखी बाजारात केली असती तर लोकांनी कॉलर धरली असती. इथं अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. सर खुर्चीत रेलून बसले होते, मिटल्या डोळ्यांनी. ‘लांबी ऋण नसते’ हे लाडकं वाक्य कानावर पडलं, पाठोपाठ सहा आणि आठ ऐकू आलं, खिशातल्या उत्तराच्या चिठ्ठीत तेच होतं. त्यांनी गुणपत्रकावर वीसपैकी अठरा मांडले.

मग मंडळी ‘ब’ तुकडीवर गेली.

तासिकाबाई खडू घेऊन फळ्याशी आली. तिनं आधी आकृती काढली, काटकोनाची खूण केली, कर्णावर दहा लिहिलं. मुलांना विचारत विचारत, चुकलेल्याला न टोचता, ती त्याच समीकरणाशी आली. अवयव एका मुलीनं सांगितले. उणे सहा, उणे आठ.

तिनं दोन्ही उत्तरांकडे पाहिलं. मग आकृतीकडे. मग पाकिटातला कागद पुन्हा वाचला.

“मुलांनो,” ती हळू म्हणाली, “दोन्ही उत्तरं ऋण आलीत. म्हणजे आपल्याला चालेल असं एकही नाही. आता का ते बघू. काटकोन त्रिकोणात सगळ्यांत मोठी बाजू कोणती?”

“कर्ण!” वर्ग ओरडला.

“कर्ण दहा. म्हणजे उरलेल्यांतली मोठी बाजू दहापेक्षा लहानच असणार. आता तिच्यातून चौदा वजा करा. काय उरेल?”

“काहीच नाही!”

“शून्याच्याही खाली जाईल. म्हणून असा त्रिकोण असूच शकत नाही. दोन बाजूंतला फरक कर्णापेक्षा नेहमी कमीच असतो. समीकरणानं आपल्याला फसवलं नाही, त्यानं खरं तेच सांगितलं.”

किती सोपं, किती स्वच्छ! एकतीस वर्षांत त्या फळ्यावर इतकं चांगलं गणित कुणी शिकवलं नव्हतं, हे मी छातीठोकपणे सांगतो. सरांचे डोळे खाडकन उघडले. त्यांनी गुणपत्रकाच्या कोपऱ्यात आठ वजा सहा करून पाहिलं. दोन. आठ अधिक सहा, चौदा. मागच्या वर्षीचा कागद डोळ्यांपुढे आला आणि त्यांच्या पायाखालची वाळू सरकली.

“हे काय?” अध्यक्ष मुख्याध्यापिकांच्या कानाशी लागले, पण दुकानात हमालांना हाका मारायची सवय, सगळ्या वर्गाला ऐकू गेलं. “त्या पोरानं तर सोडवलं. सहा नि आठ. या बाई म्हणतात होतच नाही?”

“बाई, सहा आणि आठ येत नाही का?” मुख्याध्यापिकांनी चष्मा पुसत विचारलं.

“सहा आणि आठ घेतले तर फरक दोन येतो, मॅडम. प्रश्नात चौदा आहे. बहुधा उतरवताना...” तिनं सरांकडे पाहिलं आणि तिथंच थांबली. अजूनही तिला वाटत होतं की सर उठतील आणि म्हणतील, माझी नजरचूक झाली. त्या बापडीनं सरांना वाट करून दिली होती. नजरचूक या एका शब्दात सगळं मिटलं असतं.

“सर, आता तुम्हीच सांगा,” अध्यक्ष म्हणाले. “आम्ही सिमेंटवाले, आम्हाला यातलं काय कळतं! प्रश्न चुकलाय का?”

वर्गातली चाळीस डोकी सरांकडे वळली. मिशीवरून हात फिरवायला सरांना जेवढा वेळ लागला तेवढ्यात त्यांचा निर्णय झाला. माणसाला खोटं बोलायला फार मोठं कारण लागतं असं आपण समजतो. काही लागत नाही. चाळीस पोरं बघताहेत एवढं पुरतं.

“प्रश्न बरोबर आहे,” सर म्हणाले. “एकतीस वर्षं काढतोय. उत्तर सहा आणि आठ.”

तासिकाबाईच्या हातातला खडू मोडला. मोठ्यानं नाही, नुसते दोन तुकडे झाले.

“सर, पण फरक...”

“पोरी,” सरांचा आवाज एकदम मऊ झाला. इतका मऊ आवाज मुलांनी कधी ऐकला नव्हता. “घाबरली आहेस तू. होतं असं, मोठी माणसं समोर असली की. अध्यक्षसाहेब, माझीच विद्यार्थिनी आहे. तिला आणखी एक संधी द्या. मी सांगतो तसं लिहील ती.”

“द्या, द्या,” अध्यक्ष उदारपणे म्हणाले. “माणूस चुकतो.”

आता तिनं काय करावं? तुम्ही-आम्ही घरात बसून म्हणू, तिनं खडू फेकून निघून जायला हवं होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला! तिच्या घरी नवरा भिंत चाचपत स्वयंपाकघरात जात होता. महिना संपायला अकरा दिवस होते. सर ‘संधी’ म्हणाले होते, आणि तिला त्यात सौदा ऐकू आला: तू माझं झाक, मी तुझं बघतो. तसं कुणी बोललं नव्हतं. पण सहा वर्षं आशेवर काढलेल्या माणसाला न बोललेलंही स्पष्ट ऐकू येतं.

तिनं फळ्याकडे तोंड केलं.

“बाजूची लांबी ऋण नसते,” सर मागून सांगू लागले.

ती लिहू लागली.

“म्हणून चिन्ह सोडून, पहिली बाजू सहा सेंटिमीटर. दुसरी बाजू उणे सहा अधिक चौदा, आठ सेंटिमीटर. ताळा लिही.”

तिनं छत्तीस अधिक चौसष्ट लिहिलं, शंभर लिहिलं. उत्तराखाली दोन रेघा मारल्या, कारण सरांच्या शाळेत उत्तराखाली दोन रेघा मारतात. अक्षर पहिल्यासारखंच सुबक होतं.

“शाब्बास,” सर म्हणाले. “उतरवून घ्या रे सगळे.”

चाळीस पेनं चालू लागली. तेवढ्यात दुसऱ्या बाकावरची, मघाशी अवयव सांगणारी मुलगी उभी राहिली. “बाई, आठातून सहा गेले तर दोन राहतात. मग मघाशी तुम्ही म्हणालात तेच बरोबर ना? असा त्रिकोण...”

सरांनी मान वर केली नाही. अध्यक्षांनी तासिकाबाईकडे पाहिलं, मुख्याध्यापिकांनीही पाहिलं. ती मुलगी मात्र अगदी विश्वासानं बाईंकडे बघत होती. मघाशी बाईंनीच तर शिकवलं होतं, उत्तर आलं तरी त्रिकोणाला विचारून बघा म्हणून.

“खाली बस,” तासिकाबाई म्हणाली.

“पण बाई, मी फक्त...”

“खाली बस म्हटलं ना! फळ्यावर आहे ते लिही. फार शहाणपणा नको.”

मुलगी बसली. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तिनं वहीत मघाचं सगळं एका आडव्या रेघेनं खोडलं आणि फळ्यावरचं उतरवलं. तासिकाबाई तिच्याकडे बघत राहिली, मग फळा पुसायला वळली आणि बराच वेळ पुसत राहिली.

“वा,” अध्यक्ष बाहेर पडता पडता म्हणाले, “बाईंचा वर्गावर वचक आहे हो!”

कार्यालयात चहा आला. मुख्याध्यापिकांनी दोघांना सारखेच गुण दिले होते. कुणाला दुखवायचं नाही हे त्यांचं धोरण होतं. अध्यक्षांनी बशीत चहा ओतला.

“खरं सांगू? मला बाई बऱ्या वाटतात,” ते म्हणाले. “ते टायचं पोर हुशार आहे, पण उद्या जास्त पगार दिसला की उडून जाईल. बाई चुकल्या, पण सुधारल्या. पोरं धाकात ठेवतात. सहा वर्षं इथंच आहेत. बघा सर, शेवटचा शब्द तुमचा. तुम्ही हो म्हणालात तर आत्ता सही करतो.”

म्हणजे झालंच होतं. सरांनी नुसती मान हलवायची होती. त्यासाठी खोटं बोलायला नको होतं, खरंही बोलायला नको होतं. सर पेनाचं टोपण काढत होते, घालत होते.

ती लागली तर बावीस वर्षं या शाळेत राहील, सर हिशोब करत होते. शिक्षकांच्या खोलीत बसेल, चहा पिईल. सरांचा निरोप समारंभ होईल, भिंतीवर फोटो लागेल, नवी माणसं म्हणतील, ‘सरांच्या प्रश्नात कधी चूक निघाली नाही.’ आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक बाई ते गप्प बसून ऐकेल. बोलणार नाही ती, याची सरांना खात्री होती. पण तिला माहीत असेल. टायवाल्याला मात्र काहीच माहीत नव्हतं, आणि जन्मभर माहीत होणार नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि ती उघडी पाहिलेला माणूस एकच होता.

“माझीच विद्यार्थिनी,” सर खिन्नपणे म्हणाले. “सांगताना जिवावर येतं. पण साहेब, आज तुम्ही पाहिलंत. मी ओळ न ओळ सांगितली तेव्हा लिहिलं. शाळेचा निकाल हिच्या हातात कसा द्यायचा?”

“तेही खरंच,” अध्यक्ष म्हणाले. “तुमच्या एवढी तळमळ कुणाला असणार!”

शेऱ्याच्या रकान्यात सरांनी आपल्या हातानं लिहिलं, ‘विषयज्ञान कच्चे.’ अध्यक्षांनी सही केली. सरांनी त्यांच्या सहीखाली आपली केली.

तासिकाबाई बाहेर व्हरांड्यात उभी होती. बाकावर बसायचं सोडून ती उभीच राहिली होती. पदराला खडूची भुकटी लागलेली तशीच होती. सर दिसताच ती दोन पावलं पुढं आली. निकाल विचारला नाही. सौदा झालेला आहे, आता विचारायचं काय, अशा समजुतीत ती होती. तिला दुसरंच काहीतरी डाचत होतं.

“सर,” ती खालच्या आवाजात म्हणाली, “मी कुणाला काही बोलणार नाही. पण मुलांच्या वहीत चुकीचं गेलंय. ती पोर तर बरोबर होती, तिला मी उगाच... उद्या पहिला तास ‘ब’ तुकडीवर माझाच आहे. प्रश्नात नुसते चौदाचे दोन करून घेतले तर सगळं जुळतं. क्ष² + २क्ष − ४८, सहा आणि आठ. तुमचं उत्तर तेच राहतं, सर. कुणाच्या लक्षातही येणार नाही. करून घेऊ का?”

सरांनी घड्याळाकडे पाहिलं. मग तिच्या खांद्यावरून पलीकडे, जिथं टायवाला शिपायाकडून शाळेच्या वेळा समजून घेत होता.

“उद्याचा तास ते घेतील,” सर म्हणाले. “तुझ्याकडच्या तपासायच्या वह्या तेवढ्या आज जाताना टेबलावर ठेवून जा.”